कथेतल्या मुलाला ताळा कसा शिकवायचा

प्रश्न: मी एक लघुकथा लिहितोय. परदेशात होस्टेलवर राहणारा एक मुलगा रात्री गृहपाठाचे फोटो काढून अ‍ॅपवरून उत्तरं उतरवतो आणि हळूहळू ती तपासून घ्यायला शिकतो. कथेतलं गणित जाणकाराला खोटं वाटू नये. कोणतं गणित घेऊ, चूक नेमकी कुठे होऊ देऊ आणि ती त्याला कशी सापडेल?

उत्तर:

चूक गणित सोडवण्यात ठेवू नका, वाचण्यात ठेवा. अशी अ‍ॅप्स वर्गसमीकरणासारखं सरळ गणित सोडवताना सहसा चुकत नाहीत. गडबड होते ती त्याच्या आधी, फोटोतले आकडे आणि चिन्हं ओळखताना. तिथे एखादा स्वल्पविराम निसटला की अ‍ॅप भलत्याच प्रश्नाचं अगदी अचूक उत्तर देतं. पायऱ्या बरोबर, आकडेमोड बरोबर, आणि उत्तराचा समोरच्या कागदाशी काही संबंध नाही. तुमच्या मुलाला शिकायचंय ते एवढंच, की ताळा स्क्रीनवरच्या प्रश्नाशी नाही, कागदावरच्या प्रश्नाशी घालायचा.

मी जर्मनीत अशाच मुलांना गणित शिकवते, म्हणून कथा तिथलीच धरून सांगते. भारतातून बारावी करून थेट आलेल्या बऱ्याच मुलांना तिथल्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला लगेच प्रवेश मिळत नाही. आधी साधारण वर्षभर स्टुडिएनकोलेग नावाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करावा लागतो. इंजिनिअरिंगला जाणारे त्यातला ‘टे-कुर्स’ घेतात. गणित, भौतिकशास्त्र आणि सोबत जर्मन भाषा, सगळं शिकवणं जर्मनमधून, आणि शेवटी एक मोठी परीक्षा. तुमचा मुलगा, त्याला ओंकार म्हणू, कोल्हापूरहून बारावी करून या वर्गात आलाय असं धरा.

याने कथेत एक महत्त्वाचा फरक पडतो. ओंकारला गणित येतं. समाकलन त्याने बारावीला केलंय, वर्गसमीकरण तर दहावीतच. त्याला येत नाही ती भाषा. सहा ओळींचं शाब्दिक उदाहरण वाचता वाचता त्याचा जीव मेटाकुटीला येतो, आणि रात्री साडेबाराला समीकरण मांडून होतं तेव्हा ते सोडवण्याइतकं त्राण उरलेलं नसतं. तो फोटो काढतो तो थकव्यामुळे. आळशी मुलगा सुधारतो अशी कथा करू नका, माझी तळमळून विनंती आहे. मी जी मुलं पाहिली त्यातली बहुतेक फोटो काढायची ती दमून, आणि उत्तर चुकल्यावर ‘मला गणितच येत नाही’ असं समजून बसायची. खरं नुकसान ते होतं.

आता पहिली रात्र. उदाहरण साधं ठेवा: एका आयताकृती लाकडी फळीची परिमिती ५ मीटर, क्षेत्रफळ १ चौरस मीटर, तर बाजू किती? परिमितीच्या निम्मे, म्हणजे दोन बाजू मिळून अडीच मीटर. एक बाजू x धरली तर दुसरी 2,5 − x, आणि गुणाकार १. यातून येतं:

x² − 2,5x + 1 = 0

जर्मनीत दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. आपल्याकडचं 2.5 तिथे 2,5 होतं. ओंकारही वर्गात तसंच लिहायला लागलाय. त्याची वही चौकटीची आहे, पाच मिलिमीटरच्या चौकोनांची, तिथल्या शाळकरी वह्या असतात तशी. अशा कागदावर दोन गोष्टी रात्रीच्या फोटोत हमखास बिघडतात. स्वल्पविराम चौकटीच्या रेषेला चिकटून पडला तर तो रेषेचाच भाग दिसतो. वजाचं चिन्ह नेमकं आडव्या रेषेवर आलं तर तेही नाहीसं होतं. त्यात टेबललॅम्प एका बाजूला, हातातल्या फोनची सावली कागदावर, आणि वहीच्या शिवणीपाशी पान वाकलेलं.

स्वल्पविराम गेला की समीकरण होतं:

x² − 25x + 1 = 0

याची उत्तरं साधारण २४.९६ आणि ०.०४. जवळपास अशा सगळ्याच अ‍ॅप्समध्ये उत्तराच्या वर, आपण प्रश्न काय वाचला ते छापलेलं असतं. ओंकारची नजर तिथे थांबत नाही, ती थेट खाली उत्तरावर जाते. ही हालचाल कथेत जरूर दाखवा. नंतर तो बदलतो तेव्हा हीच हालचाल बदललेली दिसायला हवी.

तो ताळा करतो का? इथे एक पायरी चढवा, म्हणजे कथा सपाट होणार नाही. त्याला ताळा करण्याची शाळेपासूनची सवय असू दे, पण तो घालू दे स्क्रीनवरच्या समीकरणात. २४.९६ चा वर्ग साधारण ६२३, पंचवीस पट ६२४, वजा करून एक मिळवला की जवळपास शून्य. ताळा जुळला! निर्धास्त होऊन तो उतरवतो आणि झोपतो. दुसऱ्या दिवशी बाई उत्तरावर लाल रेघ मारतात आणि समासात एकच शब्द लिहितात, ‘प्रोबे’, म्हणजे ताळा. ताळा तर त्याने केला होता. मग बाई असं का म्हणतात, हे त्याला कळत नाही. दिवसभर तो प्रश्न त्याला छळू दे.

उलगडा दोन वाटांनी होऊ शकतो. एक, तीच उत्तरं वहीतल्या समीकरणात घातली तर २४.९६ साठी ५६१ च्या वर काहीतरी येतं आणि ०.०४ साठी साधारण ०.९. शून्याच्या जवळपासही नाही. दुसरी वाट मला कथेसाठी जास्त आवडेल, कारण तिला पेन लागत नाही. फळीची अख्खी परिमिती ५ मीटर आहे, मग तिची एक बाजू पंचवीस मीटर कशी असेल? हे कळायला दहावीचंही गणित लागत नाही. त्याने उदाहरण परत वाचलं असतं तर एका क्षणात लक्षात आलं असतं. पण समीकरण मांडून झाल्यावर फळी त्याच्या डोक्यातून गेली होती, उरला होता फक्त x. खरं उत्तर २ मीटर आणि अर्धा मीटर: बेरीज अडीच, गुणाकार एक.

हा प्रसंग साधारण असा लिहिता येईल:

‘त्याने वही जवळ ओढली. बाजू: २४.९६ मीटर. खोली मोजून पाहिली असती तर दारापासून खिडकीपर्यंत चार मीटर भरली नसती. पंचवीस मीटर म्हणजे बाहेरच्या पॅसेजमध्ये, किचनच्याही पुढे. आणि ही फळी चारही बाजूंनी मोजली तर पाच मीटर. त्याने फोनवरचा फोटो मोठा केला. दोन आणि पाच यांच्यामध्ये चौकटीची निळी रेघ होती. स्वल्पविराम त्या रेघेवरच बसला होता.’

एवढं पुरे. ‘मग त्याला धडा मिळाला’ असं वाक्य पुढे घालू नका.

दुसऱ्या रात्रीसाठी मी अगदी उलटा प्रसंग सुचवीन. अ‍ॅपचं उत्तर बरोबर असतं आणि ओंकार ते खोडतो. पहिल्या फटक्यानंतर मुलं अशीच वागतात. आता कशावरच विश्वास नाही, म्हणून पडताळणी म्हणजे दुसऱ्याच्या उत्तराशी जुळवून पाहणं, असा त्यांचा समज होतो. वोनहाइममध्ये, म्हणजे तिथल्या विद्यार्थी-निवासात, बऱ्याच ठिकाणी एका मजल्यावरच्या मुलांना मिळून एक किचन असतं. रात्री तिथे कुणी ना कुणी भेटतंच. त्याच वर्गातली मोरोक्कोची सलमा तिथे चहा करतेय असं घ्या. गृहपाठ आहे sin x · cos x चं समाकलन. ओंकारच्या अ‍ॅपने दिलं:

½ sin² x + C

सलमाने स्वतः सोडवून काढलंय:

−¼ cos 2x + C

दोन्ही उत्तरांत वरवर काहीच साम्य नाही. एक अधिक, एक वजा. एकात sin, एकात cos. सलमा वर्गात हुशार म्हणून ओळखली जाते, म्हणून ओंकार आपलं खोडून तिचं उतरवायला लागतो. त्याला थांबवू दे ती:

‘खोडू नकोस. आधी विकलन कर.’

‘कुणाच्या उत्तराचं?’

‘दोन्हींच्या.’

पहिल्याचं विकलन केलं की अर्धा गुणिले दोन sin x गुणिले cos x, म्हणजे sin x cos x. दुसऱ्याचं केलं की वजा-वजा मिळून अधिक, ¼ गुणिले २ म्हणजे अर्धा, म्हणून ½ sin 2x. आणि sin 2x म्हणजे 2 sin x cos x, तेव्हा परत sin x cos x. दोघांचं बरोबर. मग फरक गेला कुठे? C मध्ये, म्हणजे समाकलनाच्या शेवटी जोडायच्या स्थिर संख्येत. हे वाचकाला नुसतं सांगू नका, दोघांकडून आकडे घालून बघू द्या. x = 0 ला ओंकारचं उत्तर शून्य, सलमाचं वजा पाव. x = π/2 ला ओंकारचं अर्धा, सलमाचं पाव. दोन्ही वेळा अंतर पावच. कुठलाही x घ्या, ते पावच राहतं, आणि असं न बदलणारं अंतर C गिळून टाकतो. ० ते π/2 अशा मर्यादा घातल्या तर दोघांनाही अर्धाच मिळतो.

या प्रसंगाला कथेत भरपूर जागा द्या, कारण मुलं यातून जे शिकतात ते पहिल्या रात्रीपेक्षा खोलवर जातं. उत्तरं जुळली म्हणजे ती बरोबर असं नाही, दोघांनी एकच चूक केलेली असू शकते. न जुळणं हाही चुकीचा पुरावा नाही. समाकलनाचा निवाडा सलमाही करत नाही आणि अ‍ॅपही करत नाही, विकलन करतं. उलट्या दिशेने चालत मूळ प्रश्नापाशी पोचलो का, एवढंच पाहायचं. समाकलन करायला युक्ती सुचावी लागते. विकलन नियमाने होतं, त्यात सुचण्यासारखं काही नसतं. म्हणूनच दमलेल्या मुलालाही रात्री एक वाजता ते जमतं.

इथवर आल्यावर बहुतेक लेखक कथा संपवतील. मी म्हणेन तिसरी रात्र असू द्या, आणि तिच्यात ताळा करूनही ओंकार चुकू द्या. मुलांच्या बाबतीत हे खरंच घडतं, आणि याशिवाय ‘पडताळायला शिकला’ हे अर्धंच राहतं. प्रश्न आहे −1 ते 1 या मर्यादांमध्ये 1/x² चं समाकलन. आता ओंकारला अ‍ॅपची फार गरज उरलेली नाही, प्रतिअवकलज, म्हणजे ज्याचं विकलन केलं की मूळ फलन परत मिळतं ते, तो स्वतः काढतो: −1/x. विकलन करून पाहतो, 1/x² परत येतं. ताळा जुळला. मर्यादा घालतो: वरची घातली की −1, खालची घातली की +1, वजाबाकी −2. उत्तर वजा दोन. तो खूश आहे, कारण फोन बॅगेतच आहे.

उत्तर साफ चूक. 1/x² कधीच ऋण नसतं. x धन असो वा ऋण, वर्ग धनच, त्यामुळे आलेख सगळा अक्षाच्या वर. अक्षाच्या वरचं क्षेत्रफळ वजा दोन येऊच शकत नाही. आलेखाचं ओबडधोबड चित्र जरी काढलं असतं तरी दिसलं असतं की शून्यापाशी तो आभाळाला भिडतो. तिथे फलनाला किंमतच नाही, आणि तो बिंदू नेमका मर्यादांच्या मध्ये पडलाय. शून्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा तुकडा वेगवेगळा घेतला तर दोन्हीकडे क्षेत्रफळ अमर्याद वाढत जातं, म्हणून या समाकलनाला सांत किंमत नाही. प्रतिअवकलज बरोबर होता. तो त्या अंतरात वापरायची मुभा नव्हती, आणि हे विकलनाचा ताळा सांगत नाही, सांगू शकतही नाही.

म्हणजे प्रत्येक ताळ्याला स्वतःचा आंधळा कोपरा आहे. किंमत घालून पाहिली की समीकरणाचं उत्तर तपासलं जातं, पण समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर ते कळत नाही. विकलनाने प्रतिअवकलज तपासला जातो, मर्यादा नाही. चिन्ह आणि आकार पाहिल्यावर ढोबळ वेडेपणा पकडला जातो, पण २ च्या जागी २.१ आलं तर ते सुटून जातं. मी माझ्या मुलांना चिन्ह आणि आकार आधी पाहायला लावते, कारण त्याला दहा सेकंद लागतात आणि ते रात्री कितीही वाजता करता येतं. उत्तर धन हवं की ऋण? मीटरमध्ये हवं की किलोमीटरमध्ये? एकापेक्षा मोठं की लहान? फळीचं आणि वजा दोनचं, दोन्ही प्रकरणं इथेच पकडली गेली असती.

तुमच्या कथेत हाच क्रम ठेवलात तर ओंकारचा बदल हातांच्या हालचालींत दिसेल. पहिल्या रात्री तो फोटो काढून थेट उत्तराकडे जातो. नंतर फोटो काढल्यावर आधी वर छापलेला प्रश्न वाचतो, वहीशी अक्षर-अक्षर ताडतो. त्याही नंतर फोटो काढण्याआधी समासात पेन्सिलीने अंदाज लिहितो: ‘दोन्ही धन, अडीचपेक्षा कमी.’ हा तिसरा टप्पा मला सगळ्यात खरा वाटतो. फोन सोडून देण्याची शपथ घेणारा मुलगा मी पाहिलेला नाही. अंदाज आधी लिहायची सवय लागलेली मुलं मात्र पाहिली आहेत, आणि त्यांचे फोटो आपोआप कमी झाले, कारण अंदाज लिहिता लिहिता निम्मं गणित सुटूनच जायचं.

परीक्षेचा प्रसंग घ्यायचा असेल तर तिथे फोन नसतो, एवढं लक्षात ठेवा. आणि त्याला पैकीच्या पैकी गुण देऊ नका. एखाद्या गणितात उत्तर चुकलंय हे ताळ्याने त्याला कळतं, पण चूक शोधायला वेळ उरत नाही. तेव्हा तो खाली जर्मनमध्ये एक ओळ लिहितो: ताळा जुळत नाही, उत्तर ऋण येऊ शकत नाही. माझ्या हातात असा पेपर आला तर चुकीचं उत्तर निमूट लिहून पुढे गेलेल्या मुलापेक्षा याच्या कामाकडे मी जास्त लक्ष देऊन पाहीन. वाचकालाही तो मुलगा काय शिकला ते त्या ओळीतून कळेल.

काही बारीक गोष्टी सांभाळा, कारण जर्मनीत राहिलेला वाचक तिथेच अडेल. तिथले लोक हाताने 1 लिहिताना डावीकडे लांब तिरकी रेघ देतात, तो आपल्याला 7 वाटतो; त्यांच्या 7 ला मध्ये आडवी रेघ असते. ओंकार फळ्यावरून उतरवताना पहिल्या आठवड्यांत इथे फसू शकतो, म्हणजे अ‍ॅपच्या आधी त्याचाच डोळा चुकीचं वाचेल. स्वल्पविरामाऐवजी ही चूक घेतलीत तरी चालेल, पण दोन्ही एकाच रात्री घेऊ नका. एका प्रसंगात एकच समीकरण ठेवा, आणि छपाईला देण्याआधी प्रत्येक आकडा स्वतः कागदावर घालून बघा.

घरी फोन करायचा असेल तर वेळही जपा. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते, म्हणजे ओंकारच्या रात्री एकला कोल्हापुरात पहाटेचे साडेपाच. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक साडेतीन तासांचा होतो. कथा नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलमध्ये संपत असेल तर शेवटच्या फोनला त्याच्या रात्री एकला आईच्या घड्याळात साडेचारच वाजलेले असतील.